आयसीयूत थायरॉइड कमी आला, तरी गोळी का देत नाहीत?

पॉडकास्टच्या या भागाचा हा लिहून काढलेला मजकूर. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायचा कंटाळा असेल तर ऐका.

मी आयसीयूत काम करणारा डॉक्टर. मूळ गाव उमरठ, तालुका पोलादपूर. हो, तेच, तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे ते उमरठ. त्यामुळे महाड-पोलादपूरकडचं कुणी मुंबईत किंवा पुण्यात ॲडमिट झालं की रिपोर्टचा पीडीएफ माझ्या व्हॉट्सॲपवर येतोच. त्यात एक प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी ठरलेला असतो. "दादा, बाबांचा थायरॉइड एकदम खाली आलाय, लाल अक्षरात दाखवतंय. इथले डॉक्टर म्हणतात, काही द्यायचं नाही. लक्ष देत नाहीत का हे लोक?"

आजचा भाग या एका प्रश्नावर. आणि उत्तर आधीच सांगून टाकतो: बहुतेक वेळा ते डॉक्टर बरोबर असतात. थायरॉइडचा आकडा कमी आहे हे खरं, पण थायरॉइडची ग्रंथी बिघडलेली नाही. आणि तो आकडा औषधाने वर ओढला तर पेशंटला फायदा होतो असं आजवर दिसलेलं नाही. काही ठिकाणी तर नुकसानाची शंका आली. हे असं का, ते नीट समजून घेऊया.

भात, तांदूळ आणि गिरणी

गळ्यात पुढच्या बाजूला थायरॉइडची ग्रंथी असते. ती मुख्यतः टी४ नावाचं हार्मोन तयार करते. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची ग्रंथी असते, ती थायरॉइडला हुकूम सोडते. त्या हुकमाचं नाव टीएसएच. रक्तात हार्मोन कमी झालं की टीएसएच वाढतो, जास्त झालं की घटतो. साधा हिशेब आहे.

पण खरी गंमत पुढे आहे. टी४ स्वतः फारसं काम करत नाही. ते म्हणजे कणगीत भरून ठेवलेलं भात. भात तसंच शिजवून कुणी खात नाही, आधी गिरणीत नेऊन त्याचा तांदूळ करावा लागतो. शरीरातला हा तांदूळ म्हणजे टी३. टी४ मध्ये आयोडीनचे चार अणू असतात. त्यातला एक ठरावीक अणू काढला की टी३ तयार होतं, आणि पेशींचं काम चालतं ते याच्यावर: हृदय किती जोरात चालायचं, ऊब किती ठेवायची, अन्न किती जाळायचं. आपल्या शरीरातलं साधारण ८० टक्के टी३ थायरॉइडमध्ये तयार होतच नाही. ते यकृत, मूत्रपिंड, स्नायू अशा ठिकाणच्या गिरण्यांत, म्हणजे एन्झाइममध्ये, टी४ पासून तयार होतं.

आता समजा, गिरणीवाल्याने चुकीचा अणू काढला. मग जे तयार होतं त्याला रिव्हर्स टी३ म्हणतात. दिसायला जवळपास तसंच, पण काम शून्य. तांदळाऐवजी नुसता कोंडा.

माणूस गंभीर आजारी पडला की नेमकं हेच होतं. तांदूळ करणारी गिरणी मंदावते आणि कोंडा करणारी जोरात चालू होते. टी३ खाली जातं, रिव्हर्स टी३ वर जातं. आणि हे किती पटकन होतं माहितीये? मोठं ऑपरेशन सुरू झालं की काही तासांतच टी३ घसरायला लागतं.

हा वेग लक्षात ठेवा, कारण त्यातच पुरावा आहे. रक्तातलं टी४ निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात. म्हणजे थायरॉइडची ग्रंथी आज पूर्ण बंद पडली, तरी कणगीतला साठा बरेच दिवस पुरतो. मग काही तासांत जे घसरतं ते ग्रंथी बिघडल्यामुळे कसं असेल? बिघाड नाही, शरीराने गिरणीच थांबवली आहे.

याला डॉक्टरी भाषेत नॉन-थायरॉइडल इलनेस म्हणतात. थायरॉइडचा नसलेला, पण थायरॉइडच्या रिपोर्टमध्ये दिसणारा आजार. आयसीयूतल्या पेशंटमध्ये हा अगदी नेहमीचा प्रकार आहे.

शरीर असं का करतं?

उपवासाचं उदाहरण घ्या. चांगला धडधाकट माणूस एक-दोन दिवस काहीच जेवला नाही, तरी त्याचं टी३ कमी होतं. कारण सरळ आहे. बाहेरून धान्य येत नसेल तर चूल मंद ठेवायची. टी३ जास्त असलं की शरीर जास्त ऑक्सिजन वापरतं, जास्त उष्मांक जाळतं, स्नायूंमधलं प्रथिनही मोडतं. गंभीर आजारात पहिल्या काही दिवसांत हे परवडणारं नसतं. म्हणून बरेच तज्ज्ञ सुरुवातीच्या या घसरणीला बिघाड न म्हणता काटकसर म्हणतात.

आजार लांबला, दोन-तीन आठवडे व्हेंटिलेटर सुटला नाही, की चित्र थोडं बदलतं. तेव्हा मेंदूकडून येणारा हुकूमही मंद होतो, टी४ सुद्धा उतरतं. ही अजून काटकसरच आहे की आता खरंच तुटवडा आहे, यावर अभ्यासकांमध्ये वाद आहे. बेल्जियममधल्या ल्युव्हेन इथल्या गटाने अशा पेशंटना मेंदूतली हार्मोन्स देऊन पाहिली आणि थायरॉइडचे आकडे वर आणून दाखवले. पण आकडा वर येणं वेगळं आणि माणूस वाचणं वेगळं. ते दुसरं अजून सिद्ध झालेलं नाही.

एक पेशंट, तीन रिपोर्ट

आता एक केस सांगतो. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन पेशंटचे तपशील एकत्र केलेत, आकडेही त्या हिशेबाने घेतलेत.

आपल्याकडचा शेतकरी, वय ५२. जुलैत लावणी चालू, दिवसभर गुडघाभर पाण्यात. ताप आला, पोटऱ्या भयंकर दुखायला लागल्या, तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे झाले, लघवी कमी झाली. लेप्टो. उंदरांच्या मुतातून पाण्यात येणारा जंतू पायाच्या जखमांतून आत जातो, कोकणात पावसाळ्यात हे माहीत नसलेला माणूस नाही. महाडहून मुंबईला हलवलं. फुप्फुसात रक्तस्राव, म्हणून व्हेंटिलेटर. मूत्रपिंडं थकलेली, म्हणून डायलिसिस. बीपी टिकेना, म्हणून नॉरॲड्रेनलिन आणि हायड्रोकॉर्टिसोन नावाचं स्टेरॉइड.

चौथ्या दिवशी रक्ताच्या बाकीच्या तपासण्यांसोबत थायरॉइडचं पॅकेजही गेलं. रिपोर्ट असा: टी३ होतं ३८, लॅबची खालची मर्यादा ८०. टी४ होतं ४.४, खालची मर्यादा ५. टीएसएच ०.५, म्हणजे नॉर्मलच्या तळाशी, पण नॉर्मल.

मुलाने विचारलं, "दादा, दोन-दोन आकडे लाल आहेत. साध्या गोळीने भागणार असेल तर देत का नाहीत?"

मी त्याला म्हटलं, तू लाल आकडे बघतोयस, मी तो काळा आकडा बघतोय. टीएसएच. बाबांची थायरॉइड ग्रंथी खरंच खराब असती तर पिट्युटरीने आरडाओरडा केला असता, टीएसएच ४०, ६०, १०० असा चढला असता. इथे पिट्युटरी शांत बसली आहे. त्यात स्टेरॉइड चालू आहे, आणि स्टेरॉइडने टीएसएच आणखी दबतो. डोपामिन नावाच्या बीपीच्या औषधानेही तसंच होतं. म्हणजे आजार आणि औषधं, दोघांचा हात या रिपोर्टमध्ये आहे.

मग बाकीच्या गोष्टी तपासल्या. आधी कधी थायरॉइडची गोळी होती का? नाही. गळ्याला गाठ, ऑपरेशनचा व्रण? नाही. अंग थंडगार पडलंय, नाडी ४०-४५ वर आलीये? नाही, उलट नाडी ११० आणि ताप. खऱ्या, जीवघेण्या थायरॉइडच्या कमतरतेचं चित्र याच्या बरोबर उलटं असतं. म्हणून निर्णय: गोळी नाही. लेप्टोचा इलाज चालू ठेवायचा.

सोळाव्या दिवशी, पेशंट व्हेंटिलेटरवरून निघाल्यावर, पुन्हा रिपोर्ट आला. टी३ वर सरकलं होतं, पण टीएसएच आता ९! वरची मर्यादा चार-साडेचारची. मुलगा पुन्हा घाबरला, "बघा, आता तर टीएसएच पण वाढला."

ही दुसरी फसगत. बरं होताना पिट्युटरी जागी होते आणि राहिलेलं काम भरून काढायला हुकूम जोरात सोडते. त्यामुळे टीएसएच काही दिवस वर जातो, कधीकधी २० पर्यंत. हे सुधारण्याचं चिन्ह आहे. इथे घाईने गोळी सुरू केली, तर माणूस घरी जातो तो कायमचं "थायरॉइड पेशंट" असं लेबल घेऊन, आणि पुढे वर्षानुवर्षं गरज नसलेली गोळी खात राहतो. त्यालाही वाटतं, आयसीयूत सुरू केली म्हणजे महत्त्वाचीच असणार.

घरी गेल्यानंतर आठ आठवड्यांनी तिसरा रिपोर्ट केला: टी३ ११८, टी४ ७.८, टीएसएच २.६. सगळं काळ्या अक्षरात. एकही गोळी न घेता.

"पण देऊन बघायला काय जातं?"

हा प्रश्न डॉक्टरांनाही पडला होता. टी४ जितकं खाली, तितका पेशंट दगावण्याचा धोका जास्त, हे त्यांना दिसत होतंच. मग ते वर आणलं तर माणसं वाचतील, असं वाटणं साहजिक आहे. पण धुराचा लोट मोठा म्हणजे आग मोठी, एवढंच त्यातून कळतं. धूर हाताने बाजूला सारून आग विझत नाही. कमी टी४ हे कारण आहे की नुसती खूण, हे कळायचा मार्ग एकच. सारख्या आजाराच्या पेशंटचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करायचे, एकाला औषध द्यायचं, दुसऱ्याला नाही, आणि मोजायचं.

अशी मोजणी कशी उपयोगी पडते याचं उत्तम उदाहरण आपल्या महाडमध्येच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर महाडला अशी चाचणी केली, ती २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आली. ७० पेशंट, ३५-३५ चे दोन गट. एका गटाला फक्त प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि विंचवाचं प्रतिविष. दहा तासांनी पूर्ण बरे झालेले मोजले: प्रतिविष मिळालेल्यांत ३५ पैकी ३२, नुसत्या प्राझोसिनवाल्यांत ३५ पैकी ८. फरक इतका स्वच्छ की वाद घालायला जागा नाही.

आता थायरॉइडची मोजणी बघा. १९८६ साली लॉस एंजेलिसच्या ब्रेंट आणि हर्शमन यांनी टी४ खूप कमी असलेले २३ गंभीर पेशंट घेतले. ११ जणांना शिरेतून टी४ दिलं, १२ जणांना नाही. औषध मिळालेल्यांचं रक्तातलं टी४ वर आलं. रिपोर्ट सुधारला! पण माणसं? न दिलेल्यांपैकी ७५ टक्के गेले, दिलेल्यांपैकी ७३ टक्के. फरक नाहीच. आणखी एक गोष्ट दिसली. बाहेरून टी४ दिल्यामुळे टीएसएच दबला. म्हणजे बरं होताना पिट्युटरीने जो हुकूम सोडायचा, तोच अडला.

गिरणीची गोष्ट आठवली तर यात नवल नाही. गिरणी बंद असताना कणगीत आणखी भाताची पोती ओतून तांदूळ कसा वाढणार?

मग थेट तांदूळच, म्हणजे टी३ का देऊ नये? तेही करून झालं. हृदयाच्या बायपासनंतर टी३ घसरतं, म्हणून मोठ्या माणसांना शिरेतून टी३ देऊन पाहिलं. १९९५ साली छापलेल्या अशा एका चाचणीत हृदय थोडं जास्त रक्त ढकलू लागलं, पण माणसं जास्त वाचली असं काही दिसलं नाही.

आणि आपल्या लेप्टोच्या पेशंटशी सगळ्यात जवळची चाचणी म्हणजे २००० साली छापलेली. मूत्रपिंडं अचानक बंद पडलेल्या ५९ पेशंटवर अमेरिकेत ती झाली. कल्पना अशी होती की टी४ ने मूत्रपिंड लवकर सावरेल. मूत्रपिंड लवकर सावरलं नाहीच, उलट टी४ दिलेल्या गटात ४३ टक्के दगावले आणि न दिलेल्या गटात १३ टक्के. चाचणी लहान होती, न दिलेल्या गटातला मृत्यूचा आकडा एरवीपेक्षा कमीच होता, म्हणून "टी४ ने मारलं" असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण "देऊन बघायला काय जातं" या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. जाऊ शकतं.

या सगळ्या चाचण्या छोट्या आहेत, हेही सांगायला हवं. उद्या मोठी, चांगली चाचणी झाली आणि एखाद्या खास गटाला फायदा दिसला, तर आम्ही मत बदलू. पण आज अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: आयसीयूत फक्त आजारामुळे थायरॉइडचे आकडे कमी आले असतील, तर हार्मोन देऊ नये.

गोळी द्यायलाच हवी, असे दोन प्रसंग

इथे नीट लक्ष द्या, कारण अर्धवट ऐकून कुणी "आयसीयूत थायरॉइडची गोळी नसतेच" असं समजू नका.

पहिला प्रसंग: पेशंट आधीपासून थायरॉइडची गोळी घेतोय. मग ती आयसीयूतही चालू राहिली पाहिजे. तोंडाने जमत नसेल तर नाकातल्या नळीतून, ज्याला आपण राइल्स ट्यूब म्हणतो, गोळी कुस्करून देतात. दोन-चार दिवस चुकली तर लगेच काही होत नाही, साठा सात दिवसांत निम्मा होतो हे आपण पाहिलंच. पण तीन आठवडे कुणाच्याच लक्षात आलं नाही, तर मोठा घोळ होतो. आणि हे डॉक्टरांना कळणार कुठून? पेशंट बेशुद्ध असतो. घरी फ्रिजवर किंवा देवळीत ठेवलेली गोळ्यांची बाटली फक्त तुम्हाला माहीत असते. आई सकाळी उपाशीपोटी एक बारीक गोळी घेते, हे सांगायचं काम घरच्यांचं. गोळीचा फोटो काढा आणि डोस दिसेल असा पाठवा.

दुसरा प्रसंग: मिक्सिडिमा कोमा. बरेच दिवस खरी थायरॉइडची कमतरता होती, कुणी ओळखली नाही किंवा गोळी सोडून दिली, आणि वर न्यूमोनियासारखं काही झालं. पेशंट सुस्त होत होत बेशुद्ध होतो. अंग थंड, नाडी मंद, श्वास उथळ, रक्तातलं सोडियम कमी, चेहरा सुजलेला. टी४ एकदम खाली आणि बहुतेकांत टीएसएच बराच वर. कमी टी४ सोबत टीएसएच २० च्या पुढे असेल, तर आजारपणामुळे आलेला आकडा म्हणून सोडून द्यायचा नाही. इथे टी४ लगेच आणि मोठ्या डोसने द्यावं लागतं, शक्यतो शिरेतून. त्याच्या आधी स्टेरॉइड देतात, कारण ॲड्रिनल ग्रंथीही कमजोर असेल तर नुसतं टी४ देणं धोक्याचं. इथे उशीर म्हणजे जीव जाऊ शकतो.

पिट्युटरीच खराब असली तर टीएसएच न वाढताही खरी कमतरता असू शकते. म्हणून डॉक्टर फक्त एका आकड्यावर जात नाहीत. जुना इतिहास, नाडी, तापमान आणि गरज वाटली तर कॉर्टिसोल, असं सगळं मिळून ठरतं.

तुमच्या कामाचं

कुणी आयसीयूत असेल आणि थायरॉइडचा लाल आकडा दिसला, तर डॉक्टरांना हे विचारा: "टीएसएच किती आहे? आधीच्या थायरॉइडच्या आजाराची काही शंका आहे का? स्टेरॉइड किंवा डोपामिन चालू आहे का?" या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की गोळी का नाही, हे तुमचं तुम्हालाच बरंचसं कळेल.

डिस्चार्जच्या कागदावर थायरॉइडची गोळी नव्यानेच दिसली, तर ती कशासाठी आणि किती दिवस, हे विचारून घ्या. मनाने बंद करू नका. आणि गोळी असो वा नसो, आयसीयूत आकडे बिघडलेले होते तर घरी येऊन सहा ते आठ आठवडे झाल्यावर टीएसएच आणि टी४ पुन्हा करा. गावाकडच्या लोकांसाठी एक सोपी युक्ती: डिस्चार्जच्या दिवशीच फोनमध्ये त्या तारखेचा रिमाइंडर लावा. तेव्हाचा रिपोर्ट हा ग्रंथीचा खरा रिपोर्ट. त्यात टीएसएच चढलेलाच असेल, तर मात्र खरंच थायरॉइड आहे, आणि मग गोळी घ्यायची.

पुढच्या भागात डायलिसिसबद्दल बोलू: आयसीयूत सुरू झालेलं डायलिसिस कायमचं असतं का? तोपर्यंत प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. येतो, मंडळी.